३१ ऑक्टोबर, कामकाज संपल्यावर

कंपनीच्या संचालकाचा राजीनामा पाच-सात ओळींचा असतो. तो तेवढाच राहावा, यासाठी मला फी मिळते. मी कंपनी सेक्रेटरी आहे. भोसरीच्या एमआयडीसीतल्या लहानमोठ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांची कागदपत्रं सांभाळणं हा माझा व्यवसाय. माझ्याकडे येणारे राजीनामे बहुतेक वेळा चार पानी असतात. पहिल्या पानावर सुरुवातीचे दिवस, दुसऱ्यावर संघर्ष, तिसऱ्यावर काही व्यक्तींची नावं न घेता केलेले उल्लेख आणि चौथ्या पानाच्या शेवटी, दम लागल्यावर, ‘सबब मी निवृत्त होत आहे.’ केव्हापासून, ते लिहिलेलं नसतं. काय कोणाकडे सोपवलं, तेही नसतं. म्हणजे कायद्याला जे दोन-तीन शब्द हवे असतात, तेच नेमके नसतात.

काकांचं पत्र या जातीचं होतं. काका म्हणजे आमच्या एका पक्षकार कंपनीचे संस्थापक. लेथवर वळवलेले सुटे भाग बनवणारी कंपनी, संचालक दोनच: काका आणि त्यांचा पुतण्या. काकांनी सत्तरी ओलांडली होती, गुडघे बोलत होते आणि मुख्य म्हणजे पुतण्याने आणलेल्या सीएनसी मशीनशी त्यांचं जमत नव्हतं. मशीन मान वर करून बघतच नाही, अशी त्यांची तक्रार होती. ऑगस्टमध्ये ते पत्र घेऊन आले. सुवाच्य मराठीत, निळ्या शाईने लिहिलेलं.

“वाचा आणि सांगा, काही राहिलंय का,” ते म्हणाले.

राहिलं काहीच नव्हतं. १९८० च्या दशकातल्या वीजकपातीपासून सगळं होतं. शेवटी त्यांनी मंडळाला नम्र विनंती केली होती की, आपला राजीनामा कृपया स्वीकारावा आणि तो गेल्या ३१ मार्चपासून मंजूर करावा.

या एका वाक्यात दोन अडचणी होत्या. पहिली विनंतीची. नोकरदार माणसाला वाटतं, राजीनामा हा अर्ज आहे आणि वरच्याने तो मंजूर करायचा असतो. संचालकाला वरचा कोणी नसतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे संचालकाने कंपनीला लेखी सूचना द्यायची, मंडळाने तिची नोंद घ्यायची, बस्स. नोंद घ्यायची, मान्यता द्यायची नाही. मंडळाला तो आवडो न आवडो, कोरम अभावी सभा होवो न होवो, सूचना पोचली की काम झालं. काकांना हे ऐकून बरं वाटण्याऐवजी वाईटच वाटलं. “म्हणजे थांबा म्हणायची सोयच नाही म्हणा कोणाला,” ते म्हणाले. त्यांना जायचं होतं हे खरं, पण जाताना कोणीतरी हात धरावा अशीही अपेक्षा होती. कायद्यात हात धरण्याची तरतूद नाही.

दुसरी अडचण ३१ मार्चची. हिशेबाचं वर्ष तिथे संपतं म्हणून काकांना तीच तारीख नीटनेटकी वाटत होती. पण राजीनामा केव्हा लागू होतो, याचं उत्तर त्याच कलमात आहे: कंपनीला सूचना मिळाली ती तारीख किंवा सूचनेत दिलेली तारीख, यांपैकी जी नंतरची असेल ती. म्हणजे भविष्यात हवं तेव्हा जाता येतं, भूतकाळात जाऊन येता येत नाही. ऑगस्टमध्ये दिलेल्या पत्रात मार्च लिहिला तरी राजीनामा ऑगस्टमध्येच लागू होणार. आणि मधल्या चार महिन्यांत कंपनीने जे काही केलं किंवा करायचं टाळलं, त्याला काका संचालक म्हणून जबाबदार राहणारच. मागच्या तारखेचे राजीनामे मागणारे लोक माझ्याकडे अधूनमधून येतात. काकांसारखे साधे थोडे. बहुतेकांच्या हातात कसलीतरी नोटीस असते.

तारखेच्या बाबतीत मी हट्टी आहे आणि त्याला कारण आहे. ‘योग्य पर्यायी व्यवस्था झाल्यावर’ हे शब्द भल्याभल्यांच्या पत्रात सापडतात. भारतातलं सर्वांत गाजलेलं संचालकाचं राजीनामापत्र बहुधा ‘सत्यम’चे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं. ७ जानेवारी २००९ ला त्यांनी ते मंडळाला लिहिलं आणि प्रती सेबीला व शेअर बाजारांना पाठवल्या. त्यात हजारो कोटींच्या फुगवलेल्या आकड्यांची कबुली होती, ती सगळ्यांच्या लक्षात राहिली. माझ्यासारख्या कारकुनी डोळ्याच्या माणसाला मात्र त्यातलं आणखी एक खटकतं: राजीनाम्याला तारीख नव्हती. मंडळाचा विस्तार होईपर्यंत आपण पदावर राहू, असं म्हटलं होतं. एवढं सगळं कबूल करून झाल्यावरही गृहस्थ आणखी काही दिवस खुर्ची सांभाळणार होते. पुढे दोनच दिवसांत कंपनी लॉ बोर्डाने ते मंडळच बाजूला सारलं आणि तारखेचा प्रश्न परस्पर सुटला. पण प्रत्येकाच्या बाबतीत सरकार इतकी तत्परता दाखवत नाही.

“मग दसरा,” काका म्हणाले. “सीमोल्लंघन होईल.”

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, पेढे वाटले जातात आणि दुपारनंतर कुलूप लागतं. त्या दिवशी पत्र आलं तर आवक रजिस्टरला नोंदवणार कोण? शिवाय महिन्याच्या मध्येच पद सोडलं की पगार, जीएसटीचं विवरणपत्र, बँकेतल्या सह्या, सगळ्याचे दोन तुकडे होतात. बऱ्याच चर्चेनंतर तोडगा निघाला: पत्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी द्यायचं आणि राजीनामा ३१ ऑक्टोबरला, कामकाज संपल्यावर लागू करायचा. हे ‘कामकाज संपल्यावर’ मी आग्रहाने घालतो. नाहीतर ३१ तारखेला दुपारी चेकवर केलेली सही संचालकाची की माजी संचालकाची, यावर दोन वकिलांची मुलं परदेशात शिकून येऊ शकतात.

जास्त लांबची तारीख मी घेऊ दिली नाही, त्यालाही कारण होतं. कंपनीने निबंधकाला डीआयआर-१२ हा फॉर्म भरून कळवायचं असतं आणि नियमातले तीस दिवस सूचना मिळाल्यापासून मोजले जातात. सूचना आज देऊन सहा महिन्यांनी जाणार म्हटलं, तर कळवायची मुदत आधी संपते आणि माणूस नंतर जातो.

एवढं ठरल्यावर पुतण्याने आपल्या मोबाइलमधून डोकं वर काढलं. “सर, काका गेले की मी एकटाच राहतो. चालेल ना?”

चालत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन संचालक लागतात. तेव्हा काकांच्या जाण्याची तयारी कोणाच्या तरी येण्याने सुरू झाली. पुतण्याची बायको हिशेब बघायचीच. तिची डिजिटल सही काढली, तिला संचालक ओळख क्रमांक मिळवून दिला, तिची लेखी संमती घेतली आणि सप्टेंबरमधल्या सभेत तिला अतिरिक्त संचालक म्हणून नेमलं. हा क्रम उलटा झाला तर फार पंचाईत होते. उरलेला एकटा संचालक मंडळाची सभाच भरवू शकत नाही, कारण कोरमलाही दोघे लागतात. कायदा त्याला फक्त संचालकांची संख्या कोरमपर्यंत वाढवू देतो किंवा सर्वसाधारण सभा बोलावू देतो, दुसरं काही नाही. अशा अडकलेल्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. बाहेर पडायची वाट असते, पण तोवर बाकी सगळं अडून राहतं.

मग आम्ही पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदाकडे वळलो. जबाबदाऱ्यांचं हस्तांतर. पद एका वाक्यात सुटतं. जबाबदाऱ्या काढायला बसलं की धोतराचा सोगा बाभळीला अडकावा तसं होतं, एक काटा काढावा तर दुसरा दिसतो.

काकांनी लिहिलं होतं: ‘माझ्याकडील सर्व कार्यभार मी चि. पुतण्याकडे सुपूर्द केला आहे.’ मी विचारलं, सर्व म्हणजे काय काय? काका म्हणाले, सर्व म्हणजे सर्व. मग मी कागद घेऊन बसलो.

बँक पहिली. दोन्ही चालू खात्यांवर काकांची सही चालत होती. ती राजीनाम्याने आपोआप बंद होत नाही. मंडळाचा ठराव बँकेला द्यावा लागतो. चेकबुकं मागवली तर त्यात काकांनी सह्या करून ठेवलेले कोरे चेक निघाले. पंढरपूरला जाताना खोळंबा नको म्हणून. पोलाद पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडे पुढच्या तारखांचे काही चेक होते, ते वेगळेच. आता चेक न वटण्याचा गुन्हा कंपनीकडून घडला, तर घटनेच्या वेळी कारभार पाहणारे आणि ज्याची सही आहे तो, अशी नावं तक्रारीत येतात. डिसेंबरचा चेक परत गेला आणि त्यावर काकांची सही असली, तर ‘मी ऑक्टोबरातच गेलो’ हे म्हणता येतं, पटवताही येतं, पण ते कोर्टाच्या बाकावर बसून पटवावं लागतं. कोरे चेक तिथल्या तिथे फाडले. व्यापाऱ्याकडचे बदलून घेतले. त्याने दोन दिवस कां-कूं केलं; त्याचा विश्वास कंपनीवर नव्हता, काकांच्या सहीवर होता.

मग कारखान्याचा परवाना. कारखान्याच्या कायद्यात ‘ऑक्युपायर’ नावाची एक व्यक्ती असते आणि कंपनीच्या बाबतीत ती संचालकांपैकीच एक असावी लागते. प्रेसवर कोणाचं बोट गेलं, तर पहिली नोटीस तिच्या नावाने निघते. हे पद काकांकडे आहे हे काकांनाच ठाऊक नव्हतं. फार पूर्वी कुठल्या तरी फॉर्मवर सही केली होती म्हणे. हे नाव बदलायला वेगळा अर्ज, वेगळं खातं. निबंधकाला कळवलं म्हणून कारखाना निरीक्षकाला कळत नाही. सरकारी खाती एकमेकांशी बोलत नाहीत, हे राजीनामा देणाऱ्याने पक्कं धरून चालावं.

सगळ्यात मजेची वस्तू अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये निघाली. काकांच्या डिजिटल सहीचा टोकन, पेनड्राइव्हसारखा, आणि त्याला सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर पिन. काकांनी आयुष्यात कधी स्वतःच्या हाताने तो संगणकाला लावला नव्हता. पण त्यांच्या नावाने वर्षानुवर्षं ताळेबंदांखाली सह्या होत होत्या. अकाउंटंटने तो अदबीने पुतण्याच्या हाती दिला, कारण ‘सर्व कार्यभार सुपूर्द’ असं ठरलं होतं. मी तो पुतण्याकडून घेऊन काकांच्या खिशात घातला. हस्तांतराच्या यादीत द्यायच्या वस्तू असतात तशा परत घ्यायच्याही असतात, आणि स्वतःची सही ही त्यातली पहिली. बाकी कंपनीचं सगळं कंपनीला, पण हे काकांचं.

जामीनकीचा विषय मी मुद्दाम शेवटी काढला. कॅश क्रेडिटसाठी काकांनी बँकेला वैयक्तिक हमी दिली होती. काकांची समजूत, संचालकपद गेलं की हमी गेली. संचालकपद हा कंपनीशी संबंध, हमी हा बँकेशी करार. एक सुटल्याने दुसरं सुटत नाही. पुढच्या व्यवहारांपुरती हमी मागे घेण्याची नोटीस बँकेला देता येते, पण आजवरच्या येण्याची जबाबदारी तशीच राहते. आणि अशी नोटीस मिळताच बँक खातंच गोठवण्याच्या गोष्टी करू लागते. व्यवहारात एकच उपाय: बदली जामीनदार द्यायचा आणि बँकेकडून मुक्ततेचं लेखी पत्र घ्यायचं. ते ऑक्टोबरात मिळालं नाही. ते लागलीच मिळेल, असं मी काकांना सांगितलंही नव्हतं. काका त्या दिवशी थोडे गप्प होते. जाताना एवढंच म्हणाले, “मला वाटलं होतं सही फक्त एकाच कागदावर करायचीय.”

शेवटचा काटा पत्रातच होता. कुठूनतरी नमुना मिळवून काकांनी एक ओळ घेतली होती: ‘कंपनीकडून माझे कोणतेही येणे शिल्लक नाही आणि यापुढे माझा कंपनीशी कोणताही संबंध राहणार नाही.’ ऐकायला कसं निर्लेप वाटतं. ताळेबंद उघडला तर काकांनी कंपनीला दिलेलं बिनतारण कर्ज साडेअकरा लाख दिसत होतं, आणि निम्मे शेअर त्यांच्या नावावर. संचालकपद सोडल्याने माणूस भागधारक राहायचा थांबत नाही आणि धनकोही. पण असा कागद सही करून दिला, तर उद्या त्या साडेअकरा लाखांवर वाद घालायला कोणालाही तोंड मिळतं. आजचा पुतण्या घालणार नाही. पुतण्यालाही पुढे मुलं होणार. ती ओळ गेली. पूर्णवेळ संचालक म्हणून काका पगारही घेत होते, तेव्हा नोकरीही त्याच दिवशी संपते, हे मात्र वेगळं लिहावं लागलं. नाहीतर संचालकपद गेलं आणि हजेरीपटावर नाव राहिलं, असं होतं.

अखेर जे पत्र उरलं ते असं:

‘प्रति, संचालक मंडळ. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६८ अन्वये मी कंपनीच्या संचालकपदाचा व पूर्णवेळ संचालक म्हणून असलेल्या नोकरीचा राजीनामा देत आहे. तो दि. ३१ ऑक्टोबर रोजी कामकाजाची वेळ संपल्यावर लागू होईल. वय व प्रकृती हे कारण आहे. माझ्याकडील कामे, कागदपत्रे व वस्तू यांची यादी सोबत जोडली असून, प्रत्येक बाब कोणाकडे व कोणत्या तारखेला सोपवली ते तीत नमूद आहे. बँकेला दिलेल्या वैयक्तिक हमीतून मला मुक्त करण्यासाठी कंपनीने पर्यायी जामीनदार द्यावा. कंपनीला दिलेले कर्ज व माझे शेअर यांवर या राजीनाम्याचा परिणाम होणार नाही. आवश्यक तो फॉर्म मुदतीत निबंधकांकडे दाखल करून त्याची पावती मला द्यावी. या पत्राची पोच मिळावी.’

काकांनी ते दोनदा वाचलं. “यात मी कुठाय?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, जोडयादीत आहात. ते खरंच होतं. पत्र अर्धं पान आणि यादी पाच पानं. कारण तिच्यात काकांनी शेवटी आपलं म्हणणं घातलंच. दोन नंबरच्या कॉम्प्रेसरचा आवाज बदलला की पट्टा तपासावा, तेल नव्हे. अमुक ग्राहकाचा खरेदी अधिकारी फोनवर रागावतो, पण समोर गेल्यावर चहा देतो. वॉचमनच्या मुलीची फी जूनमध्ये. असल्या बाबींना कायद्यात कलम नाही, पण पुतण्याने यादीवर प्रत्येक ओळीसमोर ‘मिळाले’ म्हणून सही केली. फीच्या ओळीसमोरही केली.

शेवटून दुसऱ्या वाक्यातली पावती लोकांना फाजील वाटते. १९५६ च्या जुन्या कायद्यात संचालकाच्या राजीनाम्यावर स्वतंत्र कलमच नव्हतं. कंपनीने फॉर्म ३२ भरला तर नाव निघायचं, नाही भरला तर माणूस घरी आणि नाव दप्तरात. नव्या कायद्याने संचालकाला स्वतःच निबंधकाला कळवण्यासाठी डीआयआर-११ हा फॉर्म दिला. आधी तो सक्तीचा होता, २०१८ पासून ऐच्छिक झाला. भांडून निघालेल्या प्रत्येकाने तो भरावा, पत्र पाठवल्याच्या पुराव्यासकट. २०१७ मध्ये विवरणपत्रं न भरणाऱ्या कंपन्यांच्या लाखो संचालकांना सरकारने एका झटक्यात पाच वर्षांसाठी अपात्र ठरवलं, तेव्हा माझ्या कचेरीत असे लोक आले की आपण अजून संचालक आहोत हेच त्यांना नव्याने कळत होतं. राजीनामा दिला होता, असं ते शपथेवर सांगत होते. कोणाला दिला होता? भागीदाराला. कसा? तोंडी, एका लग्नात.

काकांच्या बाबतीत भांडण नव्हतं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मंडळाची सभा झाली. राजीनामा ३१ तारखेला लागू होणार होता, म्हणून स्वतःच्या राजीनाम्याची नोंद घेणाऱ्या सभेला काका संचालक या नात्याने हजर होते, आणि वयाने मोठे म्हणून अध्यक्षस्थानीही. ‘मंडळ त्यांच्या मोलाच्या मार्गदर्शनाची कृतज्ञतापूर्वक नोंद करीत आहे’ हा ठराव मी दरवेळी घालतो. साठ दिवसांत पळालेल्या संचालकालाही घालतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात डीआयआर-१२ भरला, पुतण्याच्या डिजिटल सहीने, आणि पावती काकांना दिली.

पण त्याआधी, सभेनंतर चारच दिवसांनी, इतिवृत्ताचा मसुदा तिन्ही संचालकांना पाठवला होता. काकांचा फोन आला.

“हे मोलाचं मार्गदर्शन कोणी लिहिलंय?”

“पद्धत आहे काका.”

“काढा. मी मार्गदर्शन कधी केलं नाही, मी मशीनवर उभा राहिलोय. तसं लिहा.”

“बघतो,” मी म्हणालो.

“बघतो काय? ३१ तारखेपर्यंत मी संचालक आहे. मसुद्यावर दुरुस्ती सुचवायचा मला हक्क आहे की नाही?”

होता. पूर्ण होता. इतिवृत्तात आता तसंच आहे.